हातातला, मोकळा आणि ऑर्डरमधला स्टॉक : दुकानात नवीन लागलेल्यांसाठी तीन आकड्यांचा फरक

जामखेडच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात तुम्ही जूनच्या सुरुवातीला कामाला लागलात असं समजा. पहिल्याच दिवशी तुमच्या ताब्यात दोन गोष्टी येतात. एक दुकानाचा फोन आणि दुसरा कॉम्प्युटरचा पासवर्ड. मृग लागलाय, आभाळ भरून येतंय आणि फोन थांबायचं नाव घेत नाही. जवळपास प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असतो, "भाऊ, आहे का माल?"

तुम्ही स्क्रीनवर बघता. तिथे 'आहे' याचं उत्तर देणारे एक नाही, तीन-तीन आकडे असतात. सॉफ्टवेअर कोणतं आहे त्यानुसार नावं बदलतात, पण आकडे हेच तीन. गोदामात प्रत्यक्ष किती माल आहे, त्यातला नवीन गिऱ्हाईकाला किती देता येईल, आणि किती माल मागवलाय पण अजून यायचाय. सोयीसाठी आपण यांना हातातला स्टॉक, मोकळा स्टॉक आणि ऑर्डरमधला स्टॉक म्हणू. चुकीचा आकडा वाचून फोनवर 'या' म्हटलं, तर काय होतं ते आधी बघू. पुढचं दुकान आणि आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण पेरणीच्या दिवसांत असं घडायला वेळ लागत नाही.

सोमवार सकाळ, स्क्रीनवर ६४

माल घेऊ सोयाबीनचं बियाणं, वाण फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६. आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हा वाण. पिशवी तीस किलोची धरू. पिशवीचं वजन कंपनीप्रमाणे बदलतं, पण सोयाबीनचं बियाणं एकरी साधारण तीस किलो लागतं, त्यामुळे एक पिशवी म्हणजे एक एकर असा हिशोब सोपा पडतो.

सोमवारी सकाळी स्क्रीनवर ६४ पिशव्या दिसतात. साकतहून फोन येतो, वीस पिशव्या पाहिजेत. चौसष्टातून वीस, अडचण काय? तुम्ही म्हणता, "आहे की, या घेऊन जा." दुपारी टेम्पो येतो, वीस पिशव्या भरून जातो, पैसे रोख मिळतात. पहिल्या आठवड्यातच चांगली विक्री केली म्हणून तुम्ही खूश.

संध्याकाळपासून बुकिंगवाले यायला लागतात. नान्नजच्या एका शेतकरी गटाने २५ पिशव्या सांगून ठेवल्या होत्या, अरणगावच्या दोघा भावांनी १२, खर्ड्याच्या एका काकांनी ९. तिघांनीही पंधरा दिवसांपूर्वी आगाऊ पैसे दिलेले. एकूण ४६ पिशव्या. गोदामात उरल्यात ४४. त्यातल्या ६ मागच्या हंगामाच्या, त्यांच्या लेबलवरची वैधतेची तारीख उलटून गेलेली, म्हणजे विकताच येत नाहीत. उरल्या ३८. नान्नजच्या २५ गेल्या, अरणगावच्या १२ गेल्या. खर्ड्याचे काका आले तेव्हा थप्पीत एक पिशवी होती.

आठ पिशव्या कमी पडल्या म्हणजे आठ एकर. इकडे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा असं कृषी विभाग सांगतो, आणि पाऊस उघडून वापसा आला की पेरणीला हातात मोजके दिवस असतात. त्या दिवसांत बियाणं नाही मिळालं तर काका दुसऱ्या दुकानात जे मिळेल ते घेणार, किंवा पुढच्या पावसाची वाट बघणार. यातली एक गोष्ट लक्षात घ्या. चूक साकतच्या फोनवर झाली, पण साकतच्या माणसाला काहीच झळ लागली नाही. झळ लागली ती पंधरा दिवसांपूर्वी पैसे देऊन निवांत बसलेल्या माणसाला. चुकीच्या आकड्यावर दिलेला शब्द जवळजवळ नेहमी असाच तिसऱ्याच्या अंगावर येतो, म्हणून चूक करणाऱ्याला ती त्या क्षणी दिसत नाही.

तोच सोमवार, नीट वाचलेला

आता तोच दिवस परत सुरू करू.

हातातला स्टॉक म्हणजे गोदामात जाऊन बोट लावून मोजला तर जितका भरेल तितका माल. इथे ६४. तो कोणाच्या नावावर आहे, चांगला आहे की खराब, याच्याशी या आकड्याला घेणंदेणं नाही. पिशवी आहे म्हणजे आहे.

मोकळा स्टॉक काढायचा तर त्यातून दोन गोष्टी वजा करायच्या. एक, ज्याचा शब्द आधीच दुसऱ्याला दिलाय तो माल. दुसरी, जो माल समोर आहे पण विकता येत नाही तो.

```
मोकळा = हातातला − बुकिंगचा − विकता न येणारा
१२    = ६४     − ४६      − ६
```

म्हणजे साकतच्या फोनला खरं उत्तर बारा होतं, चौसष्ट नाही.

तुम्ही कधी मोबाईलवरून आयपीओला अर्ज केला असेल, तर हे तुम्हाला नवीन नाही. यूपीआयवर मँडेट मंजूर केलं की तेवढी रक्कम ब्लॉक होते. पैसे खात्यातून गेलेले नसतात, तुमचेच असतात, पण खर्च करता येत नाहीत. खात्यातली पूर्ण रक्कम म्हणजे हातातला स्टॉक, खर्च करता येणारी म्हणजे मोकळा स्टॉक. एक तारखेला येणारा पगार म्हणजे ऑर्डरमधला. पगाराच्या भरवशावर आज दुकानात स्कॅन करून बघा, पेमेंट फेल होईल. गोदामात मात्र फेल झाल्याचा लाल मेसेज येत नाही, टेम्पो दारात आल्यावर कळतं.

'विकता न येणारा' या वजाबाकीकडे जुने नोकरसुद्धा दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर दोन वाक्यं जास्त. बियाण्यात यात तीन प्रकार येतात. वैधता संपलेला लॉट, फाटलेली किंवा ओली झालेली पिशवी, आणि निरीक्षकाने तपासणीत ज्याला विक्री बंदचा आदेश दिलाय तो माल. तिन्ही गोदामातच असतात, तिन्ही मोजणीत येतात. सोयाबीनच्या बाबतीत जुना लॉट जरा जास्तच जपून. हे बियाणं नाजूक असतं, साठवणुकीत त्याची उगवण इतर पिकांपेक्षा लवकर घसरते. असा माल वेगळ्या कोपऱ्यात, शक्यतो वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावून ठेवायचा आणि सॉफ्टवेअरमध्येही वेगळा काढायचा. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून तो ओळखत नाहीत. तुम्ही नोंद केली नाही, तर ते त्या सहा पिशव्या खुशाल मोकळ्यात धरतात आणि तुम्हाला बाराऐवजी अठरा दाखवतात.

मग साकतच्या माणसाला काय सांगायचं? "दादा, आज बारा देतो. राहिलेल्या आठला नगरहून गाडी आली की तुमचा नंबर लावतो." त्यांना बारा चालणार असतील, तर तिथल्या तिथे बुकिंगची नोंद टाकायची, फोन ठेवल्यावर नाही. नोंद पडली की मोकळा स्टॉक शून्य होतो. हातातला अजून ६४ च आहे. लगेच दुसरा फोन आला आणि तुम्ही ६४ बघून बोललात, तर परत पहिल्यासारखंच होणार.

पिशवी दिली की कोणता आकडा हलतो?

नवीन माणूस हमखास गोंधळतो ती ही जागा. सोमवारी संध्याकाळी खर्ड्याचे काका येऊन आपल्या ९ पिशव्या घेऊन गेले. आता हातातला स्टॉक ६४ वरून ५५ झाला. मग मोकळाही नऊने कमी व्हायला हवा, असं वाटतं. पण नाही. मोकळा शून्य होता, शून्यच राहिला.

कारण त्या नऊ पिशव्या मोकळ्यातून पंधरा दिवसांपूर्वीच गेल्या होत्या, बुकिंग झालं त्या दिवशी. आज त्या गोदामातून गेल्या आणि बुकिंगच्या यादीतूनही गेल्या. दोन्हीकडून नऊ वजा, फरक तोच. बुकिंग आता ४६ अधिक साकतच्या १२ वजा खर्ड्याच्या ९, म्हणजे ४९. आणि ५५ वजा ४९ वजा ६ बरोबर शून्य. हिशोब जमला.

एवढं पक्कं झालं की अर्धं काम झालं. शब्द दिला की मोकळा कमी होतो, पिशवी हलली की हातातला कमी होतो. या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांच्यात पाच मिनिटांचं अंतर असेल किंवा पंधरा दिवसांचं. काउंटरवर आलेल्या गिऱ्हाईकाला लगेच माल दिला तर दोन्ही एकदमच घडतात, म्हणून ते एकच आहेत असं वाटत राहतं.

याच्या उलटा प्रकारही रोज होतो. गिऱ्हाईक बिल करतं, पैसे देतं आणि म्हणतं, "पिशव्या राहू द्या, बाजार करून येतो, मग नेतो." बिल पडलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हातातला स्टॉक तेव्हाच कमी होतो. पिशव्या मात्र थप्पीतच. आता स्क्रीन म्हणते पाच कमी, डोळ्यांना दिसतात पाच जास्त. दुपारी दुसरा पोरगा गोदामात जातो, माल बघतो आणि देऊन टाकतो. उपाय साधा आहे. बिल झालेला आणि न नेलेला माल थप्पीतून काढून बाजूला ठेवायचा आणि त्यावर बिल नंबर नि नाव लिहायचं. हे काम सॉफ्टवेअर करत नाही, मार्कर पेन करतं.

ऑर्डरमधला स्टॉक : 'पाठवतो' म्हणजे माल नव्हे

आपल्या दुकानाने नगरच्या वितरकाकडे १०० पिशव्यांची ऑर्डर दिलेली आहे. ऑर्डरमधला स्टॉक १००. हा आकडा बघून बरं वाटतं, पण तो एकसारखा नसतो. त्यातल्या ४० पिशव्यांचं बिल झालंय आणि त्या गाडीत भरल्यात. राहिलेल्या ६० बद्दल वितरक फोनवर "पाठवतो, काळजी करू नका" एवढंच म्हणालाय. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाळीसचा बिल नंबर आहे, गाडी नंबर आहे, ड्रायव्हरचा मोबाईल नंबर आहे. नगरहून आष्टीमार्गे येणारी गाडी आता कुठे आहे हे तुम्ही विचारू शकता. साठचं तसं काहीच नाही. कंपनीकडून वितरकालाच माल कमी आला, तर त्या साठच्या वीस होतील, किंवा पेरणी आटोपल्यावर येतील.

म्हणून ऑर्डरमधल्या स्टॉकवर शब्द द्यायचा झाला, तर फक्त निघालेल्या मालावर द्यावा, आणि तोही 'गाडी आली की' या अटीसकट. साकतच्या आठ पिशव्या आपण चाळीसमधून धरल्या, साठमधून नाही.

मग हा आकडा मुळात कशासाठी? तो गिऱ्हाईकासाठी कमी आणि मालकासाठी जास्त आहे. पुन्हा ऑर्डर द्यायची की नाही, हे त्यावरून ठरतं. मोकळा स्टॉक शून्य बघून घाबरून कोणी आणखी शंभर पिशव्या मागवल्या, तर आधीच्या शंभर आणि या शंभर अशा दोनशे येऊन पडतील. पेरणीची गर्दी ओसरल्यावर उरलेलं सोयाबीन बियाणं परत घेतलं जाईलच असं नाही, आणि पुढच्या जूनपर्यंत त्याची वैधता राहत नाही. आपल्या कोपऱ्यातल्या त्या सहा पिशव्या तिथे कशा आल्या असतील, याचा अंदाज आता येतो.

मंगळवारी गाडी येते

गाडी आली. बिलावर ४० लिहिलंय. उतरवताना मोजल्या तर ३८ भरल्या, आणि त्यातली एक कोपऱ्यात फाटलेली. ड्रायव्हर घाईत आहे, त्याला पुढे अजून माल द्यायचाय. "सही करा दादा, दोन पिशव्यांचं काय एवढं, शेठ बघून घेतील."

इथे दोन कामं, याच क्रमाने. गाडीतल्या कागदावर सही करताना '३८ मिळाल्या, १ फाटलेली' असं लिहून सही करायची आणि त्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप करायचा. मग कॉम्प्युटरवर आवक टाकताना बिलावरचे ४० नाही, मोजलेले ३८ टाकायचे. बिल बघून ४० टाकले, तर दोन पिशव्या अशा तयार होतात ज्या स्क्रीनवर आहेत पण जगात नाहीत. त्या कधीतरी, नेमक्या गर्दीच्या दिवशी, कोणालातरी 'आहेत' म्हणून सांगितल्या जातात.

आकडे आता असे झाले. हातातला ५५ अधिक ३८, म्हणजे ९३. विकता न येणारा ६ चा ७ झाला. बुकिंग ४९ मध्ये साकतच्या राहिलेल्या ८ मिळवल्या, ५७. म्हणून मोकळा ९३ वजा ५७ वजा ७, म्हणजे २९. आता फोन आला तर बिनधास्त २९ पर्यंत बोला.

ऑर्डरमधला स्टॉक १०० वजा ३८, म्हणजे ६२. साठ नाही. त्या दोन पिशव्या अजून यायच्या आहेत आणि त्यांचं काय होणार हे ठरेपर्यंत त्या तिथेच दिसल्या पाहिजेत.

स्क्रीनवरची नावं आणि एक मोठा सापळा

आता हे तीन आकडे सॉफ्टवेअरमध्ये कुठे सापडतात ते बघू. इथे नावावर विसंबून चालत नाही.

झोहो इन्व्हेंटरीमध्ये वस्तू उघडली की Stock on Hand, Committed Stock आणि Available for Sale अशा तीन ओळी दिसतात. तिसरी ओळ म्हणजे पहिलीतून दुसरी वजा. आपला मोकळा स्टॉक तोच, फक्त खराब माल तुम्ही आधी वेगळा काढलेला हवा. गंमत म्हणजे तिथे हेच आकडे दोन पद्धतीने दिसतात. Accounting Stock बिल पडलं की बदलतो, Physical Stock माल प्रत्यक्ष गेला की. 'बिल झालं पण पिशवी नेली नाही' हा आपला प्रश्न त्यांनी असा सोडवलाय. ऑनलाइन विक्रीसाठी शॉपिफाय वापरणारी दुकानं असतात. तिथे Unavailable असा वेगळा रकानाच आहे, खराब किंवा अडकलेला माल त्यात जातो, आणि येणारा माल Incoming मध्ये. हातातल्या आकड्यात तो मिळवला जात नाही.

आपल्याकडे बहुतेक दुकानांत असते ती टॅली. तिच्या Stock Summary मध्ये दिसतो तो आकडा म्हणजे शिल्लक, हातातला स्टॉक. बुकिंग त्यातून वजा केलेलं नसतं. म्हणून सोमवारी तिथे ६४ दिसणार. बुकिंग आणि ऑर्डर दोन्ही एका जागी बघायच्या तर Reorder Status हा रिपोर्ट आहे. त्यात आपल्या सोयाबीनची सोमवार सकाळची ओळ अशी दिसेल:

```
Closing Stock          64
Purc Orders Pending   100
Sales Orders Due       46
Nett Available        118
```

शेवटची ओळ परत वाचा. Nett Available ११८. मोकळा स्टॉक बारा, आणि स्क्रीनवर 'अव्हेलेबल' नावाखाली ११८. टॅली चुकत नाहीये. ती हातातल्या मालात ऑर्डरमधला मिळवते आणि मग बुकिंग वजा करते, कारण तो रिपोर्ट 'अजून मागवू का?' या मालकाच्या प्रश्नासाठी बनवलाय, 'आत्ता देऊ का?' या तुमच्या प्रश्नासाठी नाही. मालकाच्या प्रश्नाला ११८ हे बरोबर उत्तर आहे. काउंटरवर मात्र त्या आकड्याचा फोटो काढून गिऱ्हाईकाला पाठवला, तर खर्ड्याच्या आठ पिशव्यांवर भागणार नाही.

म्हणून कोणत्याही नवीन सॉफ्टवेअरवर बसलात की पहिल्या दिवशी एक चाचणी करून घ्या. ज्याचं थोडं बुकिंग आहे आणि थोडी ऑर्डरही आहे, अशी एक वस्तू निवडा. गोदामात जाऊन मोजा, बुकिंगची वही बघा, कागदावर मोकळा आकडा स्वतः काढा. मग स्क्रीनवर तो कुठे जुळतो ते शोधा. कुठेच जुळला नाही, तर बुकिंग वहीतच लिहिलं जातंय आणि कॉम्प्युटरमध्ये जात नाहीये, हे बहुतेक वेळा कारण निघतं. मग स्क्रीनवरचा कोणताही आकडा शब्द द्यायच्या कामाचा नाही. वही उघडूनच बोलायचं.

खताला तिसरा साक्षीदार असतो

बियाण्याचं झालं. खतावर गेलात की एक जास्तीची अडचण येते. युरिया, डीएपीसारखी अनुदानित खतं २०१८ पासून देशभर पॉस मशिनवरूनच विकली जातात. शेतकऱ्याचा आधार, अंगठा, मग पावती. कंपनीला अनुदान मिळतं ते या मशिनवर नोंदलेल्या विक्रीवर, त्यामुळे मशिनमध्ये दुकानाचा स्वतःचा एक साठा असतो. तो तुमच्या टॅलीतल्या साठ्याला विचारत नाही आणि टॅली त्याला विचारत नाही.

यातून असा प्रसंग येतो. डीएपीच्या वीस गोण्या गोदामात उतरल्या, टॅलीत आवक टाकली, पण मशिनवर तो माल मिळाल्याची नोंद करायची राहिली. हातातला स्टॉक वीस आहे, बुकिंग एकही नाही, गोणी कोरी करकरीत, तरी मोकळा स्टॉक शून्य. मशिन पावतीच काढणार नाही. शेतकऱ्याला समोर गोण्या दिसताहेत आणि तुम्ही 'नाही' म्हणताय, तर तो माल दाबून ठेवला असंच समजणार. गाडी उतरली की मशिनची नोंद त्याच तासात.

उलटी बाजू जास्त गंभीर आहे. गर्दीत, नेट नाही म्हणून, 'अंगठा उद्या देतो' म्हणणाऱ्याला गोण्या देऊन टाकल्या, तर मशिनमध्ये माल आहे आणि गोदामात नाही. कृषी विभागाचे निरीक्षक तपासणीला आले की मशिनचा आकडा आणि थप्पी हेच दोन समोरासमोर ठेवतात. तिथे तफावत निघाली तर परवान्याचा प्रश्न होतो, आणि 'मी नवीन आहे' हे उत्तर मालकाला वाचवत नाही.

दुकानाच्या दारातला फलकही याच गोंधळात भर घालतो. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे दुकानदाराने रोजचा सुरुवातीचा साठा आणि दर दिसेल असे लावायचे असतात. म्हणजे फलकावरचा आकडा सकाळचा आहे आणि हातातला आहे. दुपारी चारला कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतं, "चाळीस लिहिलंय आणि नाही काय म्हणतोस?" चिडू नका, त्याने फलक बरोबर वाचलाय. सकाळचे चाळीस होते, दिवसभरात इतके गेले, हे मशिनच्या पावत्यांवरून दाखवता येतं.

आकडा बिघडलाय हे कसं ओळखायचं

वजा स्टॉक दिसणं ही सगळ्यात सोपी खूण. स्क्रीनवर उणे पाच दिसले, तर गाडी दुपारी उतरली, विक्री सुरू झाली आणि आवक संध्याकाळी टाकू म्हणून राहिली, असंच बहुतेकदा निघतं. आवक टाकली की आकडा जागेवर येतो.

दुसरी खूण इतकी सरळ दिसत नाही. थप्पी भरलेली आहे आणि मोकळा स्टॉक रोज शून्यच दाखवतोय. तुम्ही गिऱ्हाईकांना परत पाठवताय आणि पिशव्या हलत नाहीत. याचा अर्थ बुकिंगच्या यादीत मेलेली बुकिंगं पडून आहेत. कोणी फोनवर सांगून ठेवलं, पैसे दिले नाहीत आणि दुसरीकडून घेऊन मोकळा झाला. कोणी सोयाबीन सोडून उडीद पेरला. चांगला पाऊस झाला की त्याच दिवशी बुकिंगची यादी घेऊन प्रत्येकाला फोन लावायचा, कधी नेताय एवढंच विचारायचं. मात्र पैसे भरलेलं बुकिंग स्वतःच्या मनाने रद्द करायचं नाही. तो निर्णय मालकाचा आणि त्या शेतकऱ्याचा.

आणि रोज दुकान बंद करताना एकच वस्तू मोजायची, सगळं गोदाम नाही. ज्या मालाला त्या दिवशी सगळ्यात जास्त फोन आले ती वस्तू. पाच मिनिटं लागतात. स्क्रीनवरचा हातातला आकडा आणि मोजलेला आकडा वहीत शेजारी शेजारी लिहायचा. फरक आला तर त्या दिवसाची बिलं अजून हातात असतात, चूक सापडते. आठवड्याने मोजलं तर फक्त फरक सापडतो, कारण सापडत नाही.

आपल्या सोयाबीनमधल्या त्या दोन पिशव्यांचं राहिलं. चार दिवसांनी वितरकाचा माणूस येतो. त्याच्या गोदामात भरतानाच चूक झाली होती, पण आता त्या दोन पिशव्यांसाठी वेगळी गाडी पाठवायला तो तयार नाही, म्हणून दोघांच्या संमतीने तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट देतो. फाटलेल्या पिशवीचीही देतो आणि ती पिशवी घेऊन जातो. क्रेडिट नोट हातात आली की ऑर्डरमधून दोन कमी करायच्या, ६२ चे ६०. फाटलेली पिशवी गेली म्हणून हातातला एकने कमी आणि विकता न येणाराही एकने कमी. मोकळा स्टॉक तसाच राहतो.